ट्रॅक्टर-पुस्तिकेचे मराठी भाषांतर : शब्द, लिव्हर आणि जमीन



ट्रॅक्टरच्या चालक-पुस्तिकेतील अवजाराची जोडणी, पीटीओ आणि हायड्रॉलिकचे लिव्हर या तीन प्रकरणांच्या भाषांतराविषयी आज बोलावयाचे आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकरी ही प्रकरणे बहुधा शेताच्या बांधावर, काम अडले असताना उघडतो. तेथे शब्द चुकला तर अवजार चुकते.

प्रथम जोडणी. इंग्रजीतील 'हिच' हा शब्द दोन वेगळ्या जागांना लागतो. नांगर किंवा रोटाव्हेटर तीन बिंदूंवर बसतो. ट्रॉली खालच्या हुकाला लागते. दोन्हींना नुसते 'जोडणी' म्हटले, तर उसाची भरलेली ट्रॉली वरच्या बिंदूला अडकविण्यास वाव राहतो. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे उलटू शकतो. म्हणून 'तीन बिंदूंची जोडणी' आणि 'ट्रॉलीचा हूक' असे दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत.

पीटीओला मराठी प्रतिशब्द शोधण्याचे कारण नाही. शब्द रुळलेला आहे. अडचण वाक्यरचनेची आहे. 'अवजार उचलण्यापूर्वी पीटीओ बंद करावा' हे मराठी शुद्ध आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानावर 'उचलणे' आधी पडते आणि 'बंद करणे' मागाहून. सूचना कामाच्या क्रमानेच लिहावी : 'आधी पीटीओ बंद करा. दांडा थांबलेला पाहा. मग अवजार उचला.' फिरता दांडा घेऊन रोटाव्हेटर फार वर उचलला, तर सांध्याचा कोन वाढून त्याचा क्रॉस तुटतो.

इशाऱ्याच्या वाक्यातही आकडा बोलका करावा. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सात सेंटिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सुमारे २२ सेंटिमीटर भरतो. उघड्या दांड्यात अडकलेला पदर किंवा उपरण्याचे टोक सेकंदाला सुमारे दोन मीटर गुंडाळले जाते. 'सावधगिरी बाळगावी' यापेक्षा हे वाक्य अधिक सांगते.

सर्वांत कठीण प्रकरण लिव्हरचे. पुष्कळ ट्रॅक्टरांवर 'पोझिशन' आणि 'ड्राफ्ट' असे दोन लिव्हर असतात. पोझिशनचा लिव्हर ट्रॅक्टरच्या मानाने अवजाराची उंची ठरवितो, म्हणून त्याला 'उंचीचा लिव्हर' म्हणता येते. मग दुसरा 'खोलीचा लिव्हर' असे सहज सुचते. आणि तेथेच भाषांतर फसते. ड्राफ्ट म्हणजे खोली नव्हे. ड्राफ्ट म्हणजे ओढ : जमिनीत शिरलेल्या नांगराला खेचण्यास लागणारे बळ.

भीमेकाठच्या काळ्या जमिनीतून मुरमाड पट्ट्याकडे चढत जाणारे शेत घ्या. काळ्या मातीत लिव्हर बसवून नांगर वीस सेंटिमीटर खोल चालला आहे. मुरूम लागताच ओढ वाढते. हा वाढीव दाब बहुतेक लहान ट्रॅक्टरांत वरच्या दांड्यातून, म्हणजे टॉप लिंकमधून, आतल्या स्प्रिंगवर येतो. झडप उघडते आणि नांगर थोडा उचलला जातो. त्याचा भार मागच्या चाकांवर येऊन घसरणे कमी होते. तास मात्र उथळ पडते. मऊ मातीत परतल्यावर ओढ घटते आणि नांगर पुन्हा खाली जातो.

ज्याने 'खोलीचा लिव्हर' असे वाचले आहे, त्याला लिव्हर न हलविता खोली बदललेली दिसते. लिफ्ट बिघडली असे समजून तो मिस्त्रीकडे धाव घेतो. 'ओढीचा लिव्हर' असे वाचलेला चालक जाणतो की यंत्र ओढ सारखी ठेवीत आहे. मुरमात खोली टिकवावयाची तर लिव्हर आपणच थोडा खाली सरकवावा, चाके घसरू लागताच परत घ्यावा, हे त्याला उमगते. प्रतिशब्दाबरोबर लिव्हरवरील मूळ नावही द्यावे. कारण मिस्त्री 'ड्राफ्ट' असेच म्हणतो.

भाषांतराची परीक्षा उभ्या ट्रॅक्टरवर घ्यावी. मागे माणूस नसावा आणि ओढीचा लिव्हर पुस्तिकेत सांगितलेल्या मोकळ्या जागी असावा. मजकूर वाचून दाखवावा आणि चालकाला उंचीचा लिव्हर मध्यावर आणण्यास सांगावे. हात मध्येच थांबतील. तेच ओढीच्या लिव्हरने करू गेल्यास ते मध्ये न थांबता पार वर किंवा पार खाली जातात, कारण मातीत अवजार नसल्याने मोजण्यास ओढच नाही. म्हणूनच अवजार जोडताना आणि वाटेने नेताना उंचीचा लिव्हर वापरावयाचा असतो. हे घडण्यापूर्वीच चालकाने सांगितले, तर भाषांतर उतरले. तो गोंधळला, तर चालकाला दोष न देता वाक्य पुन्हा लिहावे.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांचा आधार या कामी अवश्य घ्यावा. परंतु शेवटची मान्यता लिव्हरवरच्या हाताची असावी.