ड्राफ्ट म्हणजे खाते नव्हे

आज तुमच्याशी एका अर्ध्या राहिलेल्या अर्जाबद्दल बोलणार आहे. तो तुमच्याही फोनमध्ये असू शकतो.

मी बडोद्यात बँकेत नोकरी करतो. आमच्या शाखेत येणारी बरीच मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथली आहेत. त्यांपैकी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बँकेच्या ॲपवरून पीपीएफ खात्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, पॅन हे सगळे आपोआप आले. पुढे नामनिर्देशन आले, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते. त्यांना तीन वर्षांच्या मुलीचे नाव द्यायचे होते. वारसदार अज्ञान असेल तर तिची जन्मतारीख लागते आणि तिच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही लागते. जन्मदाखला माहेरी होता. त्यांनी अर्ज जतन केला आणि फोन ठेवला. नामनिर्देशन, पहिली भरण्याची रक्कम आणि शेवटची घोषणा हे तीन भाग रिकामे राहिले.

चार दिवसांनी त्यांना बँकेचा संदेश आला: ‘पीपीएफसाठी केलेला तुमचा अर्ज जतन झाला आहे. कृपया उर्वरित प्रक्रिया पूर्ण करा.’ त्यांनी पहिले वाक्य वाचले आणि त्या निश्चिंत झाल्या. २ एप्रिलला त्या पासबुक मागायला आल्या, तेव्हा मला सांगावे लागले, “ताई, खाते उघडलेलेच नाही.”

दोन-चार दिवसांनी काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले, ते वर्ष संपल्यापासून मोजतात. ३१ मार्च २०२५ पर्यंत खाते उघडले असते तर त्याची मुदत मार्च २०४० अखेर संपली असती. मुलगी तेव्हा अठराची, म्हणजे कॉलेजच्या उंबरठ्यावर असती. २ एप्रिलला उघडल्यामुळे मुदत मार्च २०४१ अखेरपर्यंत गेली. मधूनच काही रक्कम काढण्याची सोयही त्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे मोजून मिळते, म्हणून तीही एक वर्ष पुढे सरकली. एक मात्र बरे झाले. पाच तारखेच्या आत पैसे भरल्यामुळे एप्रिलचे व्याज बुडाले नाही.

तेव्हा अर्ज खरोखर पोहोचला की नाही, हे कसे ओळखायचे? स्क्रीनवर Saved as draft असे दिसत असेल, तर अर्ज अजून तुमच्याकडेच आहे. Submitted दिसले, तरच तो बँकेकडे आला. तेवढ्यानेही खाते उघडले असे होत नाही, कारण काही बँका त्यानंतर सहीसाठी शाखेत बोलावतात. खाते उघडल्याची खूण म्हणजे पीपीएफचा खाते क्रमांक मिळणे आणि बचत खात्यातून पहिली रक्कम, किमान ५०० रुपये, वजा होणे. ड्राफ्टला मिळालेला संदर्भ क्रमांक हा खाते क्रमांक नव्हे.

आता स्मरणपत्राच्या शब्दांकडे येऊ. त्या संदेशात खोटे काही नव्हते, पण जे झाले ते आधी आणि जे राहिले ते शेवटी, तेही मोघम, लिहिले होते. मी तो असा लिहिला असता: ‘तुमचे पीपीएफ खाते अजून उघडलेले नाही. नामनिर्देशन, रक्कम आणि घोषणा हे तीन भाग रिकामे आहेत. या आर्थिक वर्षात खाते हवे असल्यास ३१ मार्चपूर्वी बँकेच्या ॲपमधील जतन केलेला अर्ज पूर्ण करा.’ बँकेचे शब्द तुमच्या हातात नाहीत, पण वाचण्याची रीत आहे. असा संदेश आला की त्यात ‘राहिले’, ‘उर्वरित’, ‘अपूर्ण’ यांपैकी शब्द आहे का, ते आधी शोधा.

अशाच शब्दांत फसवे संदेशही येतात. ‘अर्ज रद्द होईल, लगेच या लिंकवर जा’ असे लिहिलेले असते. संदेश खरा असो वा खोटा, लिंक दाबू नका. स्वतः ॲप उघडा. ड्राफ्ट असेल तर तो तिथे दिसेल. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही.

आणि स्वतःसाठी आठवण लावताना ‘पीपीएफ फॉर्म’ एवढेच लिहू नका. अडले कुठे ते लिहा: ‘आईकडून मुलीच्या जन्मदाखल्याचा फोटो मागवणे, शुक्रवारी संध्याकाळी.’ ताईंचा अर्ज त्या एका कागदासाठी थांबला होता. तो हाती येताच उरलेले तीन भाग आमच्यासमोर दहा मिनिटांत भरून झाले.

आज घरी गेल्यावर ॲपमधले जतन केलेले अर्ज एकदा उघडून बघा. एखादा अर्धवट सापडला, तर त्यात कोणता कागद कमी आहे ते आधी लिहून ठेवा.