गच्चीवरील पिंपातील पेरू
(पाथर्डी येथे नागरिकांपुढे केलेले भाषण)



गच्चीवर फळझाड लावताना मी प्रथम पपई निवडली. पिंपात ती डोक्याइतकी वाढली, फळेही धरली. परंतु पावसाआधीच्या पहिल्याच वादळात तिचे खोड मधोमध मोडले. पपईचे खोड पोकळ व ठिसूळ, आणि पानाफळांचा सारा भार शेंड्याशी. पेरूचे लाकूड मात्र चिवट असते व ते छाटणी सोसते. म्हणून आपल्या उघड्या गच्च्यांसाठी मी सरदार पेरूचे कलम सुचवितो. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ साली निवडलेल्या या जातीचे झाड पसरट वाढते.

प्रथम मुळांच्या जागेचा विचार करू. दोनशे लिटरचे पिंप आडवे कापले की शंभर लिटरची दोन रुंद भांडी होतात. पिंप रसायनाचे नसावे. बुडाला आठ-दहा भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. खडीचा जाड थर देऊ नये. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. नुसती काळी माती घट्ट बसते व भेगाळते. म्हणून दोन भाग तांबूस पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू घ्यावी. भिजलेल्या पिंपाचे वजन दीडशे किलोच्या आसपास भरते. ते गच्चीच्या मध्यावर न ठेवता खालच्या भिंतीवर किंवा तुळईवर येईल असे, विटांवर ठेवावे.

पिंपातील अन्न पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून खत थोडे, पण वारंवार द्यावे. जूनमध्ये दोन किलो शेणखत, आणि वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी १५:१५:१५ मिश्रखताचा एक चमचा ओल्या मातीत द्यावा. पानांच्या कडा करपल्या व मातीवर पांढरा थर आला, तर क्षार साचले असे समजावे. मग खत थांबवून, खालून भरपूर निथळेपर्यंत गोडे पाणी द्यावे.

वाऱ्यासाठी कलम दोन फुटांवर खुडून तीन-चार फांद्या राखाव्यात व झाड पाच फुटांवर जाऊ देऊ नये. आधाराची काठी पिंपालाच बांधावी. वाऱ्याच्या बाजूस भरीव पत्रा लावला तर वारा त्यावरून उसळून झाडावर आदळतो. त्याऐवजी वारा गाळणारी जाळी लावावी. वारा माती सुकवितो, यासाठी वर पाचटाचे आच्छादन असावे.

तीन-चार वर्षांनी पाणी घालताच ते कडेने झरझर निघून जाते आणि पाणी देऊनही पाने दुपारी मलूल होतात. मुळांनी पिंप भरल्याची ही खूण होय. अशा वेळी चांगला पाऊस झाल्यावर कडेची तीन बोटे माती मुळांसह काढावी, नवे मिश्रण भरावे आणि फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात. मुळे कमी केली आणि फांद्या तशाच ठेवल्या, तर झाड सुकते. हा हिशेब जो सांभाळील, त्याचे झाड त्याच पिंपात पुढेही फळत राहील.