दर शंभर दिवसांनी दुप्पट

आज बोलायचं आहे ते धंद्याच्या आराखड्यातल्या एका पानाबद्दल. 'बाजारपेठ किती मोठी आहे' हे सांगणारं पान. आपल्याकडचे आराखडे मी बरेच वाचतो. कुणाला डे-केअर काढायचं असतं, कुणाला मसाले विकायचे असतात, कुणाला सॉफ्टवेअर. बाकी पानं घाम गाळून लिहिलेली असतात. हे एक पान मात्र बहुतेक वेळा कुठूनतरी उचललेलं असतं, आणि खाली 'स्रोत: इंडस्ट्री रिपोर्ट' एवढंच. तो रिपोर्ट कुणाचा आणि त्यातला आकडा कुणी मोजला, हे विचारलं की गप्प.

तर एका आकड्याची गोष्ट सांगतो. तुमच्यातले जे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, वायटूकेच्या लाटेत इथे आले, त्यांनी ती जवळून पाहिली आहे.

एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 'द इमर्जिंग डिजिटल इकॉनॉमी' नावाचा अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते. सरकारी अहवाल म्हटल्यावर शंका कोण घेणार? वर्तमानपत्रांनी तो आकडा छापला, विश्लेषकांनी वर्तमानपत्रांचा हवाला दिला, कंपन्यांनी विश्लेषकांचा. गुंतवणूकदारांपुढे जाणाऱ्या आराखड्यात हे वाक्य जवळजवळ मंत्रासारखं आलं. एवढी वाहतूक वाढणार म्हणून देशभर जमीन खणून फायबर टाकलं गेलं.

पण वाणिज्य खात्याने स्वतः काही मोजलेलं नव्हतं. धागा मागे ओढत गेलं की तो यूयूनेट या कंपनीपर्यंत पोचत होता. ही कंपनी इंटरनेटचा पाठीचा कणा म्हणावा असं जाळं चालवायची आणि वर्ल्डकॉमच्या मालकीची होती. म्हणजे जी कंपनी इंटरनेटची क्षमता विकते, तिनेच क्षमतेची मागणी किती वाढते ते सांगितलं होतं. दहा ठिकाणी छापलेला आकडा दहा साक्षीदारांचा वाटतो. इथे साक्षीदार एकच होता, आणि तोही दुकानदार.

आता हा आकडा खोटा होता का? इथे गंमत आहे. १९९५-९६ च्या सुमाराला वाहतूक खरोखरच अशा वेगाने वाढली होती. म्हणजे त्या थोड्या काळापुरतं वाक्य खरं होतं. पण १९९७ पर्यंत तो वेग ओसरला, आणि वाक्य मात्र वर्तमानकाळातच राहिलं. दुसरा घोटाळा शब्दांचा. क्षमता आणि वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा लेनचा रस्ता बारा लेनचा केला म्हणून गाड्या दुप्पट होत नाहीत. बोलताना कुणी क्षमतेबद्दल बोलायचं आणि छापताना ती वाहतूक व्हायची.

आणि तपासणार तरी कसं? एप्रिल १९९५ पर्यंत इंटरनेटचा मुख्य कणा सरकारी मदतीवर चालणारा एनएसएफनेट होता, आणि त्याची आकडेवारी उघड असायची. तो बंद झाल्यावर जाळी खाजगी हातात गेली आणि मोजमाप कुलुपात. मोजणारं कुणी उरलं नाही, तेव्हाच हा आकडा सगळ्यात जास्त फिरला.

तरीही दोघांनी मोजून पाहिलं. एटी अँड टी लॅब्जमधले केरी कॉफमन आणि अँड्र्यू ओडलिझ्को. जी काही माहिती उघड होती, म्हणजे जोडण्यांची क्षमता, त्या किती भरलेल्या असतात, वेगवेगळ्या जाळ्यांचे आकडे, ती गोळा करून त्यांनी १९९८ मध्येच मांडलं की वाहतूक साधारण वर्षाला दुप्पट होते आहे. ही काही कमी वाढ नव्हे! पण फरक पाहा. शंभर दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट, आणि तीन वर्षांत जवळजवळ दोन हजार पट. वर्षाला दुप्पट म्हणजे तीन वर्षांत आठ पट.

ओडलिझ्को माहीत नसले तरी हा संशय स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून घेता आला असता. १९९७ मध्ये कोट्यवधी अमेरिकन आधीच इंटरनेटवर होते, आणि देशाची लोकसंख्या अठ्ठावीस कोटींच्या आत. मग वापरणारे वाढून वाढून किती पट वाढतील? घरात तोच किर्रकिर्र करणारा डायल-अप मोडेम. दिवसाचे तास चोवीसच. दोन हजार पट वाहतूक करणार कोण? कुठलाही वाढीचा दर दिसला की तो तीन-पाच वर्षं पुढे ओढायचा आणि माणसं, तास, पैसे यांच्याशी ताडून पाहायचा, ही माझी पहिली सवय आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग बुडाली, जुलैमध्ये वर्ल्डकॉम. वर्ल्डकॉमच्या मागे हिशेबातली लबाडी हे मोठं कारण होतं, सगळं खापर या आकड्यावर फोडणं बरोबर नाही. पण जमिनीखालचं पुष्कळसं फायबर प्रकाशाची वाट पाहत पडून राहिलं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना टेलिकॉममधल्या नोकऱ्या गमवाव्या लागल्या.

आता आजच्या आराखड्याकडे येऊ. समजा एडिसनमधल्या एका जोडप्याला गोठवलेल्या पुरणपोळ्या विकायच्या आहेत. त्यांना बातमी सापडते: अमेरिकेतली 'एथनिक फूड'ची बाजारपेठ इतके अब्ज डॉलर, वाढ वर्षाला इतके टक्के. त्या बातमीतलं एक पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य, तसंच्या तसं, वीस संकेतस्थळांवर निघालं तर ती बातमी नाही, प्रसिद्धिपत्रक आहे. सगळ्यात जुनी तारीख पाहा, तळाला संपर्क कुणाचा आहे ते पाहा. बहुधा ती रिपोर्ट विकणारी संस्था असते. अशा संस्था पुण्यात, बाणेर-हडपसर भागात पुष्कळ आहेत, तेव्हा तुमचा 'अमेरिकन' आकडा आपल्याच भाचीने टाईप केलेला असू शकतो. त्यात वाईट काही नाही, मेहनतीचं काम आहे. पण फुकट मिळतो तो फक्त मथळा. व्याख्या आणि पद्धत विकत घ्यायच्या रिपोर्टात असते. तरी अनुक्रमणिका आणि नमुना पानं बहुतेकदा फुकट देतात, ती मागवा. त्यात दिसेल की 'एथनिक फूड'मध्ये टाको आणि सोया सॉसही मोजले आहेत. दोन संस्थांचे आकडे दुपटी-तिपटीने वेगळे निघतात, ते बहुतेक या व्याख्येमुळेच.

मग या जोडप्याने काय लिहावं? सेन्सस ब्युरोचा आकडा लिहावा: २०२० च्या जनगणनेत फक्त भारतीय वंश सांगणारे सुमारे ४४ लाख. घरी मराठी बोलणाऱ्यांचे अंदाज अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमध्ये मिळतात. तो नमुना सर्व्हे आहे, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी चुकीची मर्यादा छापलेली असते. छोट्या काउंटीत ती मर्यादा आकड्याइतकीच मोठी असू शकते, तेव्हा तीही लिहावी. आणि मग गाडी काढून दुकानं फिरावीत. १४ वाणी दुकानांनी आठवड्याला प्रत्येकी २० पाकिटं ठेवायची तयारी दाखवली, तर आठवड्याला २८० आणि वर्षाला १४,५६० पाकिटं. अब्जांपुढे हा आकडा केविलवाणा दिसतो. पण बँकेतल्या माणसाने 'हे कुठून आलं?' विचारलं, तर त्याला १४ दुकानदारांची यादी देता येते. गणपती-होळीला खप वाढेल आणि उन्हाळ्यात मंडळी भारतात गेली की घटेल, हेही त्याच दुकानदारांनी सांगितलेलं असेल. कुठल्याही रिपोर्टात ते मिळालं नसतं.