जबाबदारीची मर्यादा : करारातलं न वाचलेलं कलम
(सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेंटेनन्सची बिलं आता अ‍ॅपवर येतात. लवकरच पैसेही त्याच अ‍ॅपमधून भरायचे, असा प्रस्ताव आहे. त्यासाठी कंपनीने दिलेला कराराचा मसुदा मी वाचला. शेवटच्या पानावर एक कलम आहे. कोणत्याही कारणाने नुकसान झालं तरी कंपनीची एकूण जबाबदारी मागील तीन महिन्यांच्या शुल्काइतकीच राहील, असं ते सांगतं. आज फक्त याच कलमाबद्दल बोलतो.

आधी हे मान्य करू की अशी मर्यादा म्हणजे लबाडीच असते असं नाही. थोडं शुल्क घेणारा माणूस अमर्याद जोखीम कशी घेईल? न्यायालयंही ती मानतात. एका कंपनीने जर्मनीला कुरिअरने पाठवलेली कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत आणि तिकडच्या खरेदीदाराने पैसे कमी दिले. कुरिअरच्या फॉर्मवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि खाली पाठवणाऱ्याची सही होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. म्हणजे ‘आम्ही वाचलंच नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

मग मर्यादा केव्हा टिकत नाही? याचं उदाहरण माझ्याच क्षेत्रातलं आहे, बँकेच्या लॉकरचं. वर्षानुवर्षं बँका म्हणायच्या की आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही, म्हणून जबाबदारी शून्य. कोलकात्यातल्या एका ग्राहकाचा लॉकर भाडं थकल्याचं सांगून बँकेने त्याला न कळवता फोडला. भाडं तर भरलेलं होतं. सात दागिन्यांपैकी दोनच परत मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्च द्यायला लावला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. लॉकर बँकेशिवाय उघडत नाही, ग्राहक पूर्णपणे बँकेवर अवलंबून असतो. तेव्हा काळजी घेण्याचं मूळ कर्तव्यच बँकेला कराराने झटकता येणार नाही.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आत दहा लाखांचं सोनं असलं तरी आकडा तोच, म्हणून विमा वेगळा काढावा. पण शून्य आणि शंभर पट यातला फरक बघा. मर्यादा राहिली, पण ती ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला काळजी घ्यायला लावेल इतकी झाली.

आता हीच कसोटी आपल्या मसुद्याला लावू. समजा, वर्षाचं शुल्क ६०,००० आहे. तीन महिन्यांचे झाले १५,०००. महिन्याची वसुली समजा साडेचार लाख, आणि ती आपल्या बँक खात्यात येण्याआधी दोन दिवस कंपनीच्या खात्यात राहणार. तिथल्या कुणी ती वळती केली, तर या कलमाप्रमाणे कंपनी १५,००० देऊन मोकळी! बिल चुकीचं छापलं, अ‍ॅप एक दिवस बंद पडलं, यासाठी १५,००० ठीक आहेत. पण आपलेच पैसे परत करणं ही नुकसानभरपाई नव्हे, ती ठेव परत करणं आहे. त्याला मर्यादा कसली? आणि पहिले तीन महिने सेवा मोफत असेल, तर शुल्क शून्य, म्हणजे जबाबदारीही शून्य.

नंतर दाद मागता येत नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे आणि राज्य आयोग असं कलम रद्दबातल ठरवू शकतो. मात्र जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, आणि कलम ग्राहकाचं एकतर्फी नुकसान करणारं आहे हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं. लॉकरच्या त्या ग्राहकाला आपला प्रकार १९९५ मध्ये कळला आणि अंतिम निकाल २०२१ मध्ये लागला. सव्वीस वर्षं! आपली सोसायटीच आज पंचवीस वर्षांची आहे.

म्हणून दुरुस्ती सहीच्या आधी करावी. माझ्या तीन सूचना आहेत. वसूल केलेली रक्कम, कंपनीच्या माणसांनी केलेली अफरातफर आणि सभासदांच्या माहितीची गळती या तीन गोष्टी मर्यादेबाहेर ठेवाव्यात. बाकीच्या चुकांसाठी मर्यादा किमान एका वर्षाच्या शुल्काइतकी असावी. आणि शक्य असेल तर पैसे थेट सोसायटीच्या खात्यात जमा व्हावेत. मग पहिल्या गोष्टीचा प्रश्नच राहत नाही.

कंपनी पहिली मागणी नाकारत असेल, तर तिला एवढंच विचारावं, ‘आमचे पैसे परत करायला तुमची हरकत का?’ तिचं उत्तर ऐकून मग सही करायची की नाही ते सभेने ठरवावं.