फॉर्म वाचून दाखवला, पण कळला का?

किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई, जिथून कुठून ऐकत असाल तिथे हातातले काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज बोलायचे आहे संमतीपत्राबद्दल. बँकेच्या कर्जाचा फॉर्म नव्हे, आणि ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात ज्यावर सही घेतात तो कागदही नव्हे. एखादे नवे औषध, नवी लस किंवा तपासणीची नवी पद्धत माणसांवर वापरून पाहायची असते, तेव्हा त्यात येणाऱ्या प्रत्येकाची आधी संमती घ्यावी लागते. त्यासाठीचा हा कागद. तो बहुतेक वेळा मुळात इंग्रजीत लिहिलेला असतो आणि मग त्याचे मराठी होते. ते मराठी आपल्या बायकांना कळते का, हा आजचा प्रश्न.

आरोग्य संशोधन करणाऱ्या काही मंडळींनी असे एक मराठी संमतीपत्र आमच्या गटांकडे आणले होते. सही घ्यायला नव्हे, भाषा तपासायला. आम्ही ते गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचले. "कळलं का?" असे विचारल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रश्न बदलला. "मावशी, आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय?" मावशी म्हणाल्या, "आपली रक्ताची चाचणी फुकट होणार आहे."

मावशींचे काय चुकले? काहीच नाही. कागदावर शब्दच 'चाचणी' होता. आपल्याकडे चाचणी म्हणजे रक्त, लघवी, थुंकी तपासणे. नव्या औषधाचा माणसांवर अभ्यास करणे यालाही मराठीत 'वैद्यकीय चाचणी' म्हणतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ. ऐकणारी आपल्या ओळखीचा अर्थ घेते आणि समाधानाने अंगठा देते. यातला धोका असा की दवाखान्यातली तपासणी तुमच्या भल्यासाठी असते, अभ्यास मात्र एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असतो. त्यात तुमचे भले होईलच असे नाही. म्हणून 'चाचणी' हा शब्द काढून तिथे सरळ वाक्ये हवीत: "हा तुमच्या आजारावरचा नेहमीचा उपचार नाही. हे औषध काम करते की नाही, हे अजून डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. ते शोधण्यासाठी हा अभ्यास आहे. तुम्हाला गुण येईल किंवा येणारही नाही."

दुसरी गाठ याहून अवघड. फॉर्ममध्ये साधारण असे वाक्य असते: "सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने हस्तक्षेप गट व नियंत्रण गट यांत वर्गीकरण करण्यात येईल." यात 'हस्तक्षेप' म्हणजे आपल्याकडे नको तिथे नाक खुपसणे. 'नियंत्रण' म्हटले की कुटुंबनियोजन आठवते. आणि 'गट' म्हणजे तर आपला बचत गट! एका ताईने विचारलेही, "या गटाची वर्गणी किती?"

या वाक्याचा अर्थ किती मोठा आहे, ते आपल्याच राज्यातल्या एका अभ्यासावरून सांगते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 1999 साली गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होत्या. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात आल्या. खेड्यांचे 52 समूह केले आणि ते चार गटांत वाटले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या गटात पेशी काचपट्टीवर घेऊन पाहिल्या. तिसऱ्या गटात व्हिनेगरसारखे पातळ द्रावण लावून डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटात अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही. त्या बायकांना नेहमीचीच आरोग्यसेवा होती. हाच तो 'नियंत्रण गट'. तुलना करायला तो लागतो. तपासणीने मरण टळते का, हे ताडायचे तर तपासणी न झालेल्या बायकाही मोजाव्या लागतात.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2009 साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने 34 बायका गेल्या, चौथ्या गटात 64. दोन्ही गटांत तीस हजारांवर बायका होत्या. त्या अभ्यासातून एचपीव्ही तपासणीचा उपयोग कळला. पण त्याच आकड्यांवरून हेही कळते की कोणत्या गटात नाव येते, ही कागदावरची किरकोळ बाब नाही. म्हणूनच अशा अभ्यासात चौथ्या गटातल्या बाईला तिच्या शब्दांत सांगता आले पाहिजे की "माझे नाव यात आहे, पण माझी तपासणी हे लोक करणार नाहीत." ते तिला उमगले, तर ती स्वतःहून दवाखान्यात जाऊन तपासून घेण्याचा विचार करू शकते. नाही उमगले, तर "माझे नाव लिहून नेलेय, म्हणजे माझे बघितलेय" अशा भरवशावर ती घरी बसेल. भाषेच्या चुकीची किंमत ही अशी असते.

मग हे सोपे कसे सांगायचे? आम्हाला भिशी आठवली. भिशीत चिठ्ठी काढतो, तशी इथे चिठ्ठी निघते. हल्ली ती संगणकावर निघते. कोणाला काय मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत, ओळखीपाळखीचा उपयोग नाही. इथवर बायकांना लगेच कळले. पण पुन्हा सांगायला लावले, तेव्हा भिशीतली अडचण पुढे आली. एक वहिनी म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात नाही लागली तर पुढच्या महिन्यात आपली पाळी येईलच ना?" भिशीत प्रत्येकीची पाळी येते. इथे तशी येईलच असे नाही. म्हणून उपमेला लागूनच पुढची वाक्ये हवीत: "चिठ्ठी एकदाच निघते. ज्या गटात नाव आले, त्याच गटात शेवटपर्यंत राहावे लागते." आणि उस्मानाबादसारखी गावांच्या समूहाचीच चिठ्ठी निघत असेल, तर "चिठ्ठी तुमच्या नावाची नाही, तुमच्या भागातल्या गावांची आहे" हेही सांगायला हवे. ओळखीची उपमा वापरली की काम झाले असे नसते. ती कुठे लागू पडत नाही, तेही सांगावे लागते.

तिसरी गाठ अभ्यासातून बाहेर पडण्याची. फॉर्ममध्ये 'माघार' शब्द असतो. आपल्याला माघार ठाऊक आहे ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली. तिला शेवटची तारीख असते, आणि माघार घेतली की लोक बोलतात. अभ्यासातून मात्र कधीही बाहेर पडता येते, कारण सांगावे लागत नाही, आणि त्यामुळे सरकारी दवाखान्यातले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. मग लिहावे तसेच: "मधूनच नको वाटले तर कोणत्याही दिवशी थांबू शकता." आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते. दिवाळीनंतर कातकरी आणि ठाकूर वाड्यांमधली घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 'सहाव्या महिन्यात पाठपुरावा' असे लिहिलेल्या कागदावरून त्या बाईला काय समजणार? "तुम्ही भट्टीवर असाल तेव्हा त्रास झाला तर कोणाला फोन करायचा" हे त्यात हवे. नाहीतर औषधाने अंगावर पुरळ आले तरी ती भट्टीजवळच्या दुकानातून गोळी घेईल आणि कोणाला कळणारही नाही.

नव्या औषधाच्या आणि लशीच्या अभ्यासासाठी 2019 सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्या फॉर्ममध्ये वर्षाचे उत्पन्न आणि वारसाचे नाव विचारतात. वारस म्हटले की बायका दचकतात, "म्हणजे यात मरतात की काय?" आपण बँकेत खाते काढतानाही वारस लिहितो. पण तेवढे बोलून ही भीती झटकून टाकायची नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. मृत्यू झाला तर ती वारसाला मिळते. धोका कमी असला तरी तो आहे, म्हणून ही तरतूद आहे. सोपे करणे म्हणजे भीतीदायक ओळ गाळणे नव्हे. ती ओळ राहिलीच पाहिजे, फक्त कळेल अशी.

काही शब्द सोपे करणे अगदी हाताशी असते. 'पाच मिली रक्त' ऐकून बाईला बाटलीभर वाटते. "चहाचा एक लहान चमचा भरेल एवढे" म्हटले की निम्मी धास्ती जाते. 'छद्मौषध' याऐवजी "दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी" म्हणावे. तिला 'खोटी गोळी' म्हटले तर फसवणूक वाटते.

आमच्या सूचना घेऊन ती मंडळी गेली. पण आम्ही सुचवलेले मराठी तसेच वापरता येत नाही. दुसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत करून मुळाशी ताडून बघायचे, म्हणजे काही गळले किंवा वाढले असेल तर दिसते. मग अभ्यासावर लक्ष ठेवणारी नैतिकता समिती त्याच मजकुराला मंजुरी देते. म्हणून फॉर्मच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. एखाद्या कार्यकर्तीने तोंडी वेगळेच काही सांगितले, तर कागदात काय आहे तेच विचारा.

आता तुमच्या दारी असा कागद आला तर काय कराल, ते सांगते. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत हवा, नुसता सहीपुरता नको. गटातली वाचणारी मुलगी चालेल. सही किंवा अंगठा देण्याआधी समोरच्याला चार गोष्टी आपल्या शब्दांत सांगून दाखवा: हे कशासाठी आहे, मला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, त्रास झाला तर कोणाला फोन करू, आणि नको झाले तर काय. एकीवर जरी अडलात, तरी पेन खाली ठेवा आणि पुन्हा समजावून मागा. घरी विचारून उद्या सांगते, असेही म्हणता येते. आणि सही झाली की माहितीपत्रक आणि भरलेला फॉर्म, दोन्हींची प्रत मागून घ्या. ती तुम्हाला द्यावीच लागते. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, भट्टीवर जाताना सोबत न्या. त्यावरचा फोन नंबर तिथे लागेल.