पहिला आला त्याच्या तळहातावर सरस्वती



तंजावरात मराठीतून शिक्षणावर बोलायचं तर सरफोजी राजांपासून सुरुवात करणं ओघानं येतं. १८०६ मध्ये इथल्या राजछापखान्यात इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, ‘बालबोध मुक्तावलि’, छापलं गेलं. मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक द्यावं, हे त्या काळी मुंबई-पुण्याच्या आधी इथल्या दरबाराला सुचलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण आज मला पुस्तकाविषयी बोलायचं नाही. पुस्तक समोर असतं, त्यातला धडा वाचता येतो आणि पटला नाही तर बदलता येतो. शाळेतला दुसरा एक धडा कुठल्याही पुस्तकात नसतो. रांगेत कोण कुठे उभा राहतो, कोणाला किती वेळ थांबावं लागतं, उशीर झाला की काय होतं, प्रश्न विचारायचा अधिकार कोणाचा, यांतून तो रोज गिरवला जातो. अमेरिकन अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली वर्गातल्या रोजच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून आपण त्याला छुपा अभ्यासक्रम म्हणतो. त्यांच्या मते मूल वर्गात तीन गोष्टींशी जुळवून घ्यायला शिकतं: गर्दीशी, सततच्या मूल्यमापनाशी आणि दुसऱ्याच्या सत्तेशी.

हे शास्त्र आपल्याकडे बाहेरून आलं असलं, तरी त्याचा कच्चा माल या प्रांतात दीडशे वर्षं आधीच नोंदवला गेला होता. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागवली. तिच्या आधारे १८२६ च्या टिपणात त्यांनी १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असा आकडा दिला. आपण या आकड्यांवरच भांडत बसतो. शाळा भरपूर होत्या असं एक बाजू म्हणते, तर त्यांत कोण नव्हतं ते पाहा असं दुसरी म्हणते. मला मात्र त्या पत्रव्यवहारातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांचा १८२३ चा अहवाल. त्यांच्या जिल्ह्यात ५३३ शाळा होत्या, त्यांतल्या २३ मराठी. कॅम्पबेल यांनी शाळा मोजल्याच, शिवाय शाळेचा दिवस कसा सुरू होतो तेही पाहून लिहून ठेवलं.

सकाळी सहाला शाळा भरे. जो मुलगा सर्वांत आधी येई, त्याच्या तळहातावर मानाची खूण म्हणून सरस्वतीचं नाव लिहीत. दुसऱ्याच्या तळहातावर शून्य काढत, म्हणजे तो स्तुतीलाही पात्र नाही आणि दोषालाही नाही. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढवत. त्यानंतर मुलांचे गट पडत. खालचे गट मोठ्या मुलांच्या ताब्यात असत, वरचे पंतोजींच्या. तमिळ मुलखात घराच्या ओट्यावर, तिण्णैवर, भरणाऱ्या शाळेत अशा मोठ्या मुलाला सट्टांपिळ्ळै म्हणत.

या पद्धतीपाशी थोडं थांबू या. वेळेवर आलेला आणि उशिरा आलेला असा भेद इथे नाहीच. सगळी मुलं सूर्योदयाला हजर झाली, तरी तिसऱ्यापासून पुढे प्रत्येकाला मार ठरलेला. म्हणजे शिक्षा उशिराची नाही, क्रमांकाची आहे. आपलं स्थान आपल्या वागण्यावर ठरत नाही, इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत यावर ठरतं, आणि वरची जागा एकाचीच असते, हे मूल अक्षर गिरवण्याआधी शिकतं. ते पंतोजी तोंडानं शिकवत नाहीत. तळहात शिकवतो.

त्यातच वर्गाचा, म्हणजे सामाजिक वर्गाचा, धडा येतो. नियम सर्वांना एकच. पण घर शाळेला लागून असलेला मुलगा आणि सकाळी गोठ्यातलं काम उरकून येणारा मुलगा यांच्या तळहातावर तो नियम सारखा उमटत नाही. रोज मार खाणारा मुलगा काही दिवसांनी स्वतःविषयी एक निष्कर्ष काढतो, आणि शाळा तो निष्कर्ष खोडून काढत नाही. छुपा अभ्यासक्रम ओळखायचा कसा, असं तरुण संशोधक मला विचारतात. माझी पहिली कसोटी हीच: नियम सर्वांना सारखा आहे का, एवढ्यावर थांबू नका. त्याची किंमत कोण मोजतं, ते मोजा.

तिण्णै शाळेवर मी अन्याय करू इच्छित नाही. तिथली उघड विद्या भक्कम होती. मुलं आधी वाळूत बोटानं आणि मग ताडपत्रावर लिहीत. पोन्निलक्कम्, नेल्लिलक्कम् आणि एण्सुवडी या त्यांच्या पाठांतराच्या पोथ्या. नेल्लिलक्कम् म्हणजे भाताच्या मापांचा हिशेब. कावेरीच्या या खोऱ्यात ज्याला भाताचं माप तोंडी येई, त्याला गावाच्या व्यवहारात जागा होती. मात्र ते भात ज्याच्या हातांनी कापलं जाई, त्या पण्णैयाळाचं, म्हणजे जमीनदाराकडे बांधलेल्या शेतमजुराचं, मूल त्या ओट्यावर नव्हतं. त्याला कोणी शिकवलं नाही असं मात्र समजू नका. ओट्यावर कोण बसतं आणि ओट्याखालून कोण जातं, हे रोज पाहून तेही शिकतच होतं. शाळेचा छुपा अभ्यासक्रम शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांनाही लागू असतो.

याच पद्धतीचा पुढचा प्रवास मला अस्वस्थ करतो. अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख होते. तिथली मुलं युरोपियन सैनिकांची. देशी शाळेत वाळूवर लिहिणारी मुलं पाहून बेल यांनी दोन गोष्टी उचलल्या: वाळूचा पाट, आणि मुलांनी मुलांना शिकवणं. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी या प्रयोगावर पुस्तक काढलं, आणि पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडभर गरिबांच्या शाळांत पसरली. पण जाताना त्यातून काय गळलं ते पाहा. ओट्यावरचा मुलगा मार खात असला, तरी जगण्याला उपयोगी पडणारा हिशेब घेऊन बाहेर पडे. बेल यांनी मात्र लिहून ठेवलं की गरिबांच्या मुलांना लिहिणं आणि गणित शिकवण्याचाही आग्रह नाही. आपली पायरी ओलांडण्याइतकं शिक्षण त्यांना मिळू नये, ही त्यामागची भीती. रांग, खूण, देखरेख, क्रमांक एवढं सांगाड्यासारखं उरलं, आणि तेच शिक्षण ठरलं. पुढे कारखान्यांना हवा असलेला मजूर ज्या सवयींनी घडतो, त्यांची उजळणी या शाळांत रोज झाली.

आता विसाव्या शतकात येऊ. इथे आपल्या एका मोठ्या माणसाचा संबंध येतो, म्हणून मराठी सभेत हे बोललंच पाहिजे. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळेचा दिवस पाच तासांवरून तीन तासांवर आला. मुलं दोन पाळ्यांत विभागली. उरलेला वेळ मुलानं वडिलांचा व्यवसाय शिकावा आणि मुलीनं आईजवळ घरकाम शिकावं. विरोधकांनी तिला ‘कुलकल्वी तिट्टम्’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, असं नाव दिलं. विधानसभेत ती रद्द करण्याच्या ठरावावर १३८ विरुद्ध १३८ अशी समसमान मतं पडली. मग योजना स्थगित ठेवून तज्ज्ञांकडून तपासावी, असं अगदी थोड्या मतांनी ठरलं. त्या समितीचे अध्यक्ष होते रा. वि. परुळेकर. मुंबई इलाख्यातल्या देशी शिक्षणाच्या पाहणीचे कागद ज्यांनी संपादित केले, तेच परुळेकर. त्यांच्या समितीनं योजना योग्य ठरवली.

परुळेकरांचा हेतू मला शंभर टक्के स्वच्छ वाटतो. राज्यघटनेनं चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचं उद्दिष्ट दिलं होतं, पैसा नव्हता, शिक्षक नव्हते. पाळ्या लावल्या तर त्याच इमारतीत, त्याच शिक्षकाकडून दुप्पट मुलं शिकतील, हा हिशेब चुकीचा नव्हता. चूक शाळेबाहेरच्या उरलेल्या वेळात होती. तंजावर जिल्ह्यातल्या पण्णैयाळाच्या मुलानं दुपारी वडिलांचा कोणता व्यवसाय शिकायचा? याच सरकारनं आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, तंजावरच्या कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा अध्यादेश काढला होता. म्हणजे त्या कामातलं बंधन सरकारला माहीत होतं. ज्या बंधनातून बापाला सोडवायचं, तेच मुलाचा दुपारचा तास म्हणून वेळापत्रकात आलं. वकिलाच्या मुलाला वडिलांचा व्यवसाय शिकणं म्हणजे पुस्तकांची खोली, आणि मजुराच्या मुलाला दुसऱ्याचं शेत. इतर शाळा जे गुपचूप करतात ते या योजनेनं कागदावर लिहिलं, म्हणूनच लोकांना ते दिसलं आणि लोक उठले. राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि मे १९५४ मध्ये योजना मागे घेतली गेली. पुढे कामराजांच्याच काळात शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं. म्हणजे ज्या दुपारी मुलानं घरी जावं असं ठरलं होतं, त्याच दुपारी त्याला शाळेत थांबायचं कारण मिळालं.

लिहिलेलं मागे घेता येतं. न लिहिलेल्याचं काय करायचं? साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि शिपाई नसला की त्याला पाणी मिळत नसे. हे कुठल्या परिपत्रकामुळे झालं नव्हतं. आजच्या शाळेत गोणपाट नाही, पण शिक्षकांचा चहा आणायला कोणाला पाठवतात, संडास कोण धुतं, पाहुणे आले की पुढच्या बाकावर कोणाला बसवतात, हे नेमानं पाहिलं तर नावं पुन्हा पुन्हा तीच येतात. जीन अॅनियन यांनी १९८० मध्ये न्यू जर्सीतल्या पाच शाळांचे पाचवीचे वर्ग असेच बसून पाहिले. कामगारांच्या मुलांकडून पायऱ्या जशाच्या तशा उतरवून घेतल्या जात, तर धनिकांच्या मुलांना ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं जाई. विषय तोच, पण एकाला आज्ञा पाळण्याची सवय लागे, दुसऱ्याला निर्णय घेण्याची.

मात्र इथे सावध राहायला हवं. शाळेतली प्रत्येक शिस्त म्हणजे दडपण, असं मी म्हणणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात आळीपाळीनं बोलण्याचा नियम नसेल, तर आधी गप्प होतं ते दुबळं मूल. शिवाय मुलं निमूटपणे साच्यात बसत नाहीत. ती नियमाला बगल देतात, त्याची नक्कल करून हसतात, कधी शाळाच सोडतात. म्हणून एका घटनेवरून सिद्धांत मांडू नका. एका वर्गात निदान एक पूर्ण सत्र बसा. शिक्षक ‘का’ कोणाला विचारतात आणि ‘किती’ कोणाला, याच्या खुणा करा. उशिराची शिक्षा झालेल्या मुलांच्या नावांपुढे घराचं अंतर आणि सकाळचं काम लिहा. मग त्या मुलांनाच विचारा की आपल्याला शिक्षा का झाली असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा त्यांचं उत्तर आणि तुमचा तक्ता जुळणार नाही. मुलगा म्हणेल, मी आळशी आहे. तक्ता सांगेल, तो दोन कोस चालून येतो.

उद्याच्या सत्रांत आपण वर्गनिरीक्षणाचे निबंध ऐकणार आहोत. निबंधकांना माझी विनंती आहे की हे तक्ते त्याच शाळेच्या शिक्षकांसमोर ठेवावेत, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं आणि ते आपल्या निबंधात छापावं.