सत्तर चिन्हांत मनातले



पालकांना मोबाइलवर संदेश पाठविण्याचे काम आता आपल्या नित्याचे झाले आहे. ज्यांच्या हाती साधा फोन आहे त्यांना एसएमएसच पोहोचतो, आणि त्याला मर्यादा असते. एका संदेशात १४० बाइट मावतात. साध्या रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात. परंतु देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास दोन बाइट लागत असल्याने केवळ ७० चिन्हे बसतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, विराम आणि मोकळी जागा ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. ‘शिक्षक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्यात सहा चिन्हे आहेत. मजकूर सत्तराच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच राहतात, आणि दरही तुकड्यागणिक लागतो.

समजा, एका गुरुजींनी ऊसतोडीस निघालेल्या पालकास असे लिहिले :

“आदरणीय दादा, सादर नमस्कार. आपली मंदा वर्गात छान वाचू लागली आहे. आपण ऊसतोडीला निघालात की तिचे सहा महिने बुडतील, या विचाराने मन अस्वस्थ होते. तिला नेऊ नका, आजीकडे ठेवा. संध्याकाळी तिचा अभ्यास मी पाहीन. -गुरुजी”

ही चिन्हे दोनशेहून अधिक, म्हणजे चार तुकडे होतात. आता काय काढावे? ‘आदरणीय’ आणि ‘सादर नमस्कार’ काढले तरी आदर उणावत नाही. ‘नेऊ नका’, ‘ठेवा’ या क्रियापदांतच तो आहे. स्वतःची अस्वस्थता सांगणारे वाक्य काढावे. ती ‘अभ्यास मी पाहीन’ या वचनात अधिक स्पष्ट दिसते. ‘ऊसतोडीला’ हा शब्दही नको, कारण आपण कोठे निघालो आहोत हे वाचणाऱ्यास ठाऊकच आहे. उरते ते असे :

“मंदा छान वाचते. तिला नेऊ नका, आजीकडे ठेवा. अभ्यास मी पाहीन. -गुरुजी”

ही ६७ चिन्हे झाली. ‘ऊसतोडीला’ ठेवला असता तर ती ७६ होऊन संदेश दुभंगला असता.

तीन गोष्टी मात्र कापू नयेत. पहिली, मुलीचे नाव. दुसरी, ‘छान वाचते’ हे शब्द. ते गेले तर मागणी राहील, पण तिचे कारण जाईल. तिसरी, ‘नका’, तो गळला तर अर्थच उलटेल. जागा वाचविण्यासाठी रोमन लिपीचा आश्रयही घेऊ नये. पुष्कळ पालकांना ती वाचता येत नाही. काही जुन्या फोनांवर देवनागरीऐवजी चौकटी उमटतात. तसे आढळल्यास त्या घरी प्रत्यक्षच जावे.

पाठविण्यापूर्वी मजकूर सहकाऱ्यास ऐकवावा आणि ‘पालकाने आता काय करावयाचे?’ एवढेच विचारावे. त्यांस उत्तर देता आले नाही, तर कापताना आवश्यक ते गेले असे समजावे.